आयताकृती पत्र्यातून सरळ ओळींत किती चकत्या निघतात आणि भंगार किती टक्के पडते

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत प्रेसच्या कामाची लहानमोठी अनेक वर्कशॉप आहेत आणि त्यांत नव्याने रुजू होणाऱ्या मुलांना पहिल्या काही आठवड्यांतच एक प्रश्न विचारला जातो: या पत्र्यातून किती चकत्या निघतील? बहुतेक नवखे पत्र्याचे क्षेत्रफळ काढतात, त्याला चकतीच्या क्षेत्रफळाने भागतात आणि येईल ती संख्या सांगतात. ते उत्तर नेहमीच चुकते आणि तेही थोडेथोडके नाही. गोल चकत्या पत्र्यावर पाण्यासारख्या पसरत नाहीत; त्या ओळींत बसतात, ओळीत संपूर्ण चकतीच मोजली जाते आणि अर्ध्या चकतीला काहीही किंमत नसते. या लेखात एकच उदाहरण घेऊन ही आकडेमोड शेवटपर्यंत करून दाखविली आहे. पत्रा आधी कातर मशीनवर पट्ट्यांमध्ये कापायचा आणि मग ती पट्टी हाताने प्रेसमध्ये सरकवत एकामागून एक चकती पाडायची, ही आपल्याकडची सर्वांत रूढ पद्धत येथे गृहीत धरली आहे.

उदाहरण स्टीलच्या गोल डब्याचे आहे. डब्याचा व्यास ११० मिमी, कापून साफ केल्यानंतरची उंची ६२ मिमी, पत्रा १ मिमी जाडीचा सीआर, म्हणजे थंड लाटलेला, आकार २५०० × १२५० मिमी. डबा ओढून, म्हणजे सपाट चकती पंचने डायमध्ये दाबून, तयार होत असल्यामुळे चकतीचा व्यास डब्याच्या पृष्ठफळावरून ठरतो. तळाचा कोपरा तीक्ष्ण धरला तर चकतीच्या व्यासाचा वर्ग हा डब्याच्या व्यासाचा वर्ग अधिक चार गुणिले डब्याचा व्यास गुणिले उंची इतका असतो. ओढल्यानंतर डब्याचा काठ सरळ येत नाही, त्याला कान, म्हणजे वरखाली उंचवटे, येतात, म्हणून काठ कापण्यासाठी साधारण ६ मिमी जादा धरून उंची ६८ घेतली, तर चकतीचा व्यास २०५ मिमी येतो. डाय बनवणाऱ्याला बहुतेक वेळा हाच आकडा कळविला जातो. तो लगेच कळवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

पहिली पायरी: पत्रा प्रत्यक्ष मोजणे

बिलावर २५०० × १२५० लिहिलेले असले तरी टेप लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी मोजावी आणि त्यांतील सर्वांत कमी आकडा हिशेबासाठी धरावा. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत. या आकाराच्या पत्र्याचा कर्ण सुमारे २७९५ मिमी येतो. दोन कर्णांत फरक असेल तर पत्रा काटकोनात नाही, आणि पहिली पट्टी कापण्याआधी एक कड सरळ करून घेण्यात काही मिलिमीटर जाणार आहेत, हे समजून घ्यावे. हे काही मिलिमीटर किती महाग पडू शकतात, ते याच उदाहरणात दिसेल.

दुसरी पायरी: गाळा आणि कड ठरविणे

दोन शेजारच्या चकत्यांच्या मध्ये जी बारीक जागा सोडावी लागते तिला येथे गाळा म्हटले आहे, आणि चकती व पट्टीची बाजू किंवा टोक यांच्यामध्ये जी जागा राहते तिला कड. ही दोन्ही अंतरे साधारणपणे पत्र्याच्या जाडीइतकी किंवा दीडपट ठेवतात. पत्रा पातळ असेल, चकती मोठी असेल आणि पट्टी हाताने सरकवायची असेल, तर त्याहून थोडी जास्त. आपल्या १ मिमी पत्र्यासाठी गाळा २ मिमी आणि कड प्रत्येक बाजूला २ मिमी धरू.

हे २ मिमी वाचविण्याचा मोह पुष्कळांना होतो. गाळा फार बारीक झाला की पंच खाली येताना ती बारीक जागा कापली न जाता वाकते आणि पंच व डाय यांच्यामधल्या फटीत ओढली जाते. चकतीच्या एकाच बाजूला जाड बर, म्हणजे धारदार कंगोरा, येते, चकत्या पडून उरलेली पट्टीची जाळी मोडते आणि पट्टी थांबविणाऱ्या स्टॉपरला टेकायला काही उरत नाही, त्यामुळे पुढची चकती चुकीच्या जागी पडते. कड कमी पडली तर त्याहून स्पष्ट खूण दिसते: चकतीचा एका बाजूचा भाग पट्टीच्या बाहेर गेलेला असतो आणि तेथे गोलाईऐवजी लहानशी सरळ रेघ येते. अशी चकती ओढली की डब्याचा काठ त्या बाजूला खाली बसतो आणि तो डबा कापूनही सुधारत नाही. चकतीचा व्यास एकाच जागी न मोजता फिरवून चार ठिकाणी मोजला की हा दोष डबा ओढण्याआधीच सापडतो.

तिसरी पायरी: दोन्ही दिशांनी मोजणी

ही या सबंध कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि घाईत नेमकी हीच अर्धी सोडली जाते.

प्रथम दोन आकडे तयार करावेत. पट्टीची रुंदी म्हणजे चकतीचा व्यास अधिक दोन कडा: २०५ + ४ = २०९ मिमी. सरक, म्हणजे एका चकतीनंतर पट्टी जितकी पुढे ढकलायची ते अंतर, म्हणजे व्यास अधिक गाळा: २०५ + २ = २०७ मिमी. हे दोन आकडे वेगळे आहेत, हे नीट लक्षात ठेवावे. प्रत्येक पट्टी स्वतंत्र कापली जात असल्यामुळे तिला तिच्या दोन्ही कडा हव्यातच. पट्टीच्या आत मात्र दोन शेजारच्या चकत्यांना मिळून एकच गाळा पुरतो.

पट्ट्या पत्र्याच्या लांबीला समांतर कापल्या, म्हणजे प्रत्येक पट्टी २५०० मिमी लांब ठेवली, तर १२५० मिमी रुंदीत २०९ मिमीच्या किती पट्ट्या बसतात? १२५० भागिले २०९ म्हणजे ५.९८. हा आकडा सहाच्या अगदी जवळ आहे आणि तरीही उत्तर पाचच आहे, कारण सहा पट्ट्यांना १२५४ मिमी लागतात. एका पट्टीत चकत्या किती, हे काढताना लांबीतून दोन्ही टोकांच्या कडा वजा कराव्यात, शेवटच्या चकतीनंतर गाळा लागत नाही म्हणून एक गाळा परत मिळवावा आणि सरकेने भागावे: २५०० वजा ४ अधिक २ म्हणजे २४९८, भागिले २०७ म्हणजे १२.०७, अर्थात १२ चकत्या. पाच पट्ट्यांच्या मिळून ६० चकत्या.

आता पट्ट्या आडव्या कापून पाहू, म्हणजे प्रत्येक पट्टी १२५० मिमी लांब. २५०० भागिले २०९ म्हणजे ११.९६, म्हणून ११ पट्ट्या. एका पट्टीत १२४८ भागिले २०७ म्हणजे ६.०३, म्हणून ६ चकत्या. एकूण ६६.

पत्रा तोच, चकती तीच, डाय तीच. फक्त कातर मशीनवर पत्रा फिरवून धरला आणि सहा चकत्या जास्त मिळाल्या. ६६०० डब्यांचे काम असेल तर पहिल्या पद्धतीत ११० पत्रे लागतात आणि दुसऱ्या पद्धतीत १००, नाकारलेला माल वेगळा. येथे एक शंका रास्त आहे: पत्रा गिरणीत ज्या दिशेने लाटला गेला ती दिशा बदलली तर चालते का? वाकवायच्या भागांत ती दिशा पाहावीच लागते, परंतु चकती गोल असल्यामुळे ती पत्र्यातून कोणत्याही दिशेच्या पट्टीतून पाडली तरी तीच चकती मिळते. डब्याला येणारे कान त्यामुळे कमीजास्त होत नाहीत. उलट आडव्या पट्ट्यांचा आणखी एक फायदा आहे. पातळ पत्र्याची लांब आणि अरुंद पट्टी कातरताना थोडीशी धनुष्यासारखी वाकते आणि तो बाक मधल्या भागातील कड खातो. १२५० मिमीच्या पट्टीत हा त्रास २५०० मिमीच्या पट्टीपेक्षा पुष्कळ कमी असतो. त्याची किंमत म्हणजे कातर मशीनवर जास्त काप आणि प्रेसवर पट्टी बदलण्याच्या जास्त खेपा, आणि ती किंमत दहा पत्र्यांपुढे लहान आहे.

संगणकावर तक्ता करायचा असेल, तर दोन्ही दिशांसाठी हे दोन सूत्र पुरेत. यात भागाकाराचा पूर्णांक नेहमी खालचा घ्यायचा आहे. जवळचा पूर्णांक घेणारे सूत्र वापरले तर ५.९८ चे ६ होतील आणि सगळा हिशेब कोसळेल.

```
=INT(1250/(205+2*2))*INT((2500-2*2+2)/(205+2))
=INT(2500/(205+2*2))*INT((1250-2*2+2)/(205+2))
```

चौथी पायरी: भंगाराची टक्केवारी

२०५ मिमी व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ३३,००६ चौरस मिमी आहे आणि पूर्ण पत्र्याचे ३१,२५,००० चौरस मिमी. साठ चकत्यांत पत्र्याचा ६३.४ टक्के भाग कामी लागतो, म्हणून भंगार ३६.६ टक्के. सहासष्ट चकत्यांत ६९.७ टक्के कामी लागतो आणि भंगार ३०.३ टक्के. पत्र्याचे वजन १ मिमी जाडीला सुमारे २४.५ किलो भरते, त्यामुळे एका पत्र्यामागे भंगार पहिल्या पद्धतीत जवळजवळ ९ किलो आणि दुसऱ्या पद्धतीत साधारण साडेसात किलो.

परंतु टक्केवारी काढून थांबण्यात अर्थ नाही. ती कुठून आली हे पाहिल्याशिवाय ती कमी करता येत नाही. साठ चकत्यांच्या मांडणीतील ३६.६ टक्क्यांची फोड करून पाहू. प्रत्येक चकती एका चौरसात बसलेली आहे असे समजा. त्या चौरसाचे चार कोपरे वाया जातात. ते मिळून पत्र्याच्या १७.३ टक्के होतात. गाळे, कडा आणि पट्टीच्या टोकाला उरलेले तुकडे हे सगळे मिळून फक्त २.९ टक्के. आणि बाजूला उरलेली २०५ मिमी रुंदीची एक अख्खी पट्टी १६.४ टक्के.

म्हणजे ज्या गाळ्यावरून आणि कडेवरून पुष्कळदा वाद होतात त्यांचा वाटा सर्वांत लहान आहे. कोपऱ्यांचे भंगार सरळ ओळींच्या मांडणीत टळत नाही: चौरसात बसविलेले वर्तुळ चौरसाचा ७८.५४ टक्के भाग व्यापते, म्हणून गाळा, कड आणि उरलेले तुकडे शून्य झाले तरीही २१.४६ टक्के भंगार पडणारच. चकती लहान केली म्हणजे हे कोपरे कमी होतील, असे अनेकांना वाटते, पण ते खरे नाही. २०० मिमीच्या एका चौरसात २०० ची एक चकती बसवा किंवा १०० च्या चार बसवा, कोपऱ्यांत वाया जाणारे क्षेत्रफळ अगदी तितकेच राहते. एकाआड एक ओळ अर्ध्या चकतीने सरकवून मांडली तर ही मर्यादा ९.३ टक्क्यांपर्यंत खाली येते, परंतु त्यासाठी रुंद पट्टी आणि वेगळी डाय किंवा पट्टी उलटून दुसऱ्यांदा प्रेसमधून काढणे लागते. तो वेगळा विषय आहे. सरळ ओळींत राहून खरोखर हाताशी असलेली बचत एकच, ती म्हणजे बाजूला उरणारी पट्टी.

पाचवी पायरी: डाय बनविण्यापूर्वी व्यास पुन्हा पाहणे

सहा पट्ट्यांना १२५४ मिमी लागत होते आणि आपल्याकडे १२५० होते. चार मिलिमीटर सहा पट्ट्यांत वाटले तर प्रत्येक पट्टी एक मिलिमीटरने अरुंद करणे पुरेल. चकती २०४ मिमीची केली तर पट्टी २०८ मिमीची होते, सहा पट्ट्यांना १२४८ मिमी लागतात, आणि सरक २०६ असल्यामुळे प्रत्येक लांब पट्टीत बारा चकत्या बसतात. एकूण ७२ चकत्या. भंगार २४.७ टक्के. ६६०० डब्यांना आता ९२ पत्रे पुरतात.

डब्यावर याचा परिणाम काय? त्याच सूत्रात २०४ घातले तर ओढलेल्या डब्याची उंची ६८ ऐवजी सुमारे ६७.१ मिमी येते. काठ कापण्यासाठी ६ मिमी होते, तेथे ५ मिमीहून किंचित जास्त उरतात. ते पुरतील की नाही, हे त्या पत्र्याला येणाऱ्या कानांवर अवलंबून आहे, म्हणून काही चकत्या हाताने कापून ओढून पाहाव्यात आणि सर्वांत खोल दरीपाशी उंची मोजावी. ती ६२ मिमीच्या वर राहिली आणि कापायला थोडी जागा उरली तर २०४ निश्चित करावे. डाय एकदा कडक करून आली की हा एक मिलिमीटर बदलण्याचा खर्च नव्या डायचा असतो, म्हणून वर म्हटले की २०५ हा आकडा लगेच कळवू नये.

पत्र्याचा आकार बदलूनही पाहावे. बाजारात २४४० × १२२० मिमीचा, म्हणजे आठ बाय चारचा पत्रा सहज मिळतो, पण २०५ च्या चकतीला तो दोन्ही दिशांनी ५५ च चकत्या देतो आणि भंगार ३९ टक्क्यांवर जाते. किलोचा भाव थोडा कमी मिळाला म्हणून तो पत्रा घेतला, तर स्वस्त पत्र्यातून महाग चकती निघेल.

मशीनवर काय बिघडते

कागदावरच्या ७२ चकत्या मशीनवर मिळतीलच असे नाही, कारण त्या मांडणीत सहा पट्ट्यांनंतर फक्त २ मिमी शिल्लक आहेत. कातर मशीनचा मागचा गेज २०८ ऐवजी २०९ वर लागला, तर पाच पट्ट्यांत पाच मिलिमीटर जातात आणि सहावी पट्टी २०५ मिमीची उरते. ती डोळ्यांना इतर पट्ट्यांसारखीच दिसते, प्रेसवर जातेही, आणि तिच्यातून पडलेल्या चकत्यांना प्रत्येक बाजूला जेमतेम अर्धा मिलिमीटर कड मिळते. अशा वेळी दिवसाच्या मालात ठरावीक अंतराने बारा-बारा चकत्या एकाच दोषाच्या सापडतात. असा नमुना दिसला की प्रेसवाल्याला विचारण्याआधी कातर मशीनचा गेज तपासावा. पहिली आणि शेवटची, अशा दोन पट्ट्यांची रुंदी प्रत्येक गेज लावणीनंतर व्हर्नियरने मोजण्याची सवय लावली, तर हा दोष प्रेसपर्यंत पोहोचतच नाही.

आडव्या पट्ट्यांच्या ६६ च्या मांडणीत धोका दुसरीकडे आहे. सहा चकत्यांना १२४४ मिमी लागतात, म्हणजे सहा मिलिमीटर मोकळे आहेत, आणि सहा चकत्यांत पाच सरकी. स्टॉपर २०७ ऐवजी २०८.५ वर बसला की पाच सरकींत साडेसात मिलिमीटर जातात आणि सहाव्या चकतीपुढे कड म्हणून अर्धाच मिलिमीटर राहतो. कामगार तो तुकडा बघून सहावी चकती सोडून देतो, आणि तो योग्यच करतो. दोष स्टॉपरचा असतो. जाळीतला गाळा मोजला की हे एका क्षणात कळते: तो २ मिमीऐवजी साडेतीन भरतो.

उरलेली पट्टी आणि काट्यावरचा पडताळा

भंगाराचा आकडा सांगताना त्यात काय धरले आहे, हे लिहून ठेवावे. ६६ च्या मांडणीत २०१ मिमी रुंद आणि १२५० मिमी लांब अशी एक पट्टी उरते, जी पत्र्याच्या ८ टक्के आहे. तिच्यातून त्याच डब्याच्या झाकणाच्या १४१ मिमी व्यासाच्या चकत्या काढल्या, तर १४५ मिमीची एक पट्टी आणि तीत आठ चकत्या मिळतात, म्हणजे पत्र्याचे आणखी ४ टक्के कामी लागतात आणि भंगार ३०.३ वरून सुमारे २६.३ टक्क्यांवर येते. मात्र ती पट्टी खरोखर कापली जाईपर्यंत ती भंगारातच मोजावी. "कधीतरी वापरू" म्हणून भिंतीला लावून ठेवलेल्या पट्ट्या गंजतात आणि शेवटी भंगारवाल्याच्याच टेम्पोत चढतात.

पडताळ्यासाठी दहा पत्रे काट्यावर घालून वजन घ्यावे, त्यांतून निघालेल्या चकत्यांचे वजन घ्यावे आणि जाळी व तुकड्यांचे वेगळे. तीनही आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. येथे पत्र्याचे वजन बिलावरच्या जाडीवरून काढू नये. पत्रा १ मिमी म्हणून आला आणि प्रत्यक्षात ०.९५ मिमी निघाला, तर ६६ चकत्यांचे वजन १७.१ किलोऐवजी सुमारे १६.२ किलो भरेल, ते २४.५ किलोशी ताडून पाहिले तर भंगार ३०.३ ऐवजी ३३.८ टक्के दिसेल आणि कातर मशीनवर नसलेला दोष शोधण्यात दिवस जाईल. पत्राच तोलला असेल तर वजनाची टक्केवारी आणि क्षेत्रफळाची टक्केवारी सारखीच येते. चकत्यांची संख्या हिशेबाइतकी असूनही चकत्या आणि भंगार यांची बेरीज पत्र्याच्या वजनापेक्षा स्पष्टपणे कमी भरली, तर तोललेले पत्रे आणि कापलेले पत्रे एकच होते का, आणि जाळी व तुकडे पूर्ण गोळा झाले होते का, हे आधी पाहावे.